केरळची सहल आणि साठ हजारांची सूट

पुण्यातल्या एका पाच जणांच्या कुटुंबाचं उदाहरण घेऊ. नवरा खासगी कंपनीत, बायको दुसऱ्या खासगी कंपनीत, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि मुलाकडेच राहणारी आई. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या सुट्टीला जोडून नवऱ्याने आठवडाभराची रजा टाकली आणि सगळे केरळला जाऊन आले. जाताना पुण्याहून विमानाने कोची, तिथून गाडीने मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी करत तिरुअनंतपुरम आणि येताना तिथून बंगळूरमार्गे विमानाने पुणे. सहल कंपनीचं एकूण बिल झालं १,८५,००० रुपये. नवऱ्याच्या पगारात वर्षाला ६०,००० रुपये ‘एलटीए’ म्हणून आहेत. जानेवारीत कंपनीच्या एचआर विभागाची नेहमीची मेल आली, कर वाचवणारे पुरावे अमुक तारखेच्या आत द्या. त्याने सहल कंपनीचं बिल जोडून दिलं आणि दोन दिवसांत ते परत आलं. शेरा होता : प्रवासभाड्याचा तपशील नाही.

उदाहरण रचलेलं आहे, पण असे शेरे दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ठिकठिकाणी पडतात. त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता येतं. आयकर कायदा रजेतल्या प्रवासाला जी सूट देतो ती फक्त भाड्याला देतो. हॉटेल, जेवण, हाउसबोट, हत्तीवरची रपेट, मसाल्याच्या बागेचं तिकीट यांतलं काहीही त्यात बसत नाही. आणि भाडं म्हणजे तरी किती, कुठपर्यंतचं, कोणाकोणाचं, किती वर्षांत किती वेळा, याची उत्तरं नियमाने ठरवून ठेवली आहेत.

हा नियम म्हणजे आयकर कायदा १९६१ मधलं कलम १०(५) आणि त्याखालचा नियम २ब. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला आणि कलम १० मधली सवलतींची लांबलचक यादी नव्या कायद्यात परिशिष्टांमध्ये मांडली गेली. या लेखातला हिशेब जुन्या कायद्याखालच्या वर्षातला आहे, म्हणून क्रमांकही जुनेच वापरतो. पगारपत्रकांवर आणि सीएंच्या तोंडी अजून तेच आहेत. ‘एलटीसी’ म्हणा, ‘एलटीए’ म्हणा, बँकांमधल्यासारखं ‘एलएफसी’ म्हणा, कराच्या दृष्टीने तिन्ही एकच.

आधी एक पायरी, जी पुष्कळांची चुकते. ही सूट जुन्या करप्रणालीतच मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते, आणि नव्या प्रणालीत एलटीएवर सूट नाही. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त होत असल्याने मोठा वर्ग तिकडे गेला. त्यांना एलटीएची रक्कम मिळते, पण पगाराचा एक भाग म्हणून आणि कराच्या हिशेबात धरूनच. जुन्या प्रणालीत राहिलेले बहुतेक लोक घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज मोठं असलेले, आणि पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे. आपला पुण्याचा गृहस्थही त्यांतलाच, तीस टक्क्यांच्या टप्प्यात.

दुसरी पायरीही तितकीच साधी. मालकाने प्रवासासाठी काही दिलंच नसेल तर सूट कशावर मिळणार? ही वजावट नव्हे, मिळालेल्या रकमेवरची माफी आहे. पगाराच्या रचनेत एलटीए हा घटक नसेल तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हिंडून आलात तरी विवरणपत्रात त्याचा उपयोग नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही ही सवलत नाही.

आता केरळचं बिल उघडू. सहल कंपनीकडून फोडून घेतलं तर त्यात विमानाची तिकिटं अशी दिसतात : पुणे ते कोची माणशी ६,५०० आणि तिरुअनंतपुरम ते पुणे माणशी ७,२००. म्हणजे एकेकाचे १३,७०० आणि पाच जणांचे मिळून ६८,५००. उरलेले १,१६,५०० हॉटेलं, हाउसबोट, नाश्ता-जेवण आणि आठवडाभर दिमतीला असलेली गाडी यांचे. त्यांतला गाडी सोडून बाकीचा खर्च तर सरळ बाजूला गेला. गाडीबद्दल मात्र वाद होतो, कारण गाडी हाही प्रवासच.

इथे नियमातले ‘जवळच्या मार्गाने’ हे शब्द कामाला येतात. सूट मोजायची ती मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत सर्वांत जवळच्या मार्गाने जाण्यायेण्याच्या भाड्यावर. सहल गोल फेरीची असेल, म्हणजे एका वाटेने जाऊन मध्ये चार ठिकाणं करत दुसऱ्या वाटेने परत, तर निघालेल्या जागेपासून सर्वांत लांबचं ठिकाण धरायचं आणि तिथपर्यंतच्या जवळच्या मार्गाचं भाडं ही मर्यादा मानायची, असा रिवाज पक्का आहे. आपल्या सहलीत सर्वांत लांबचं ठिकाण तिरुअनंतपुरम. पुण्याहून तिथे इकॉनॉमीने जाऊन परत यायला त्या दिवसांत माणशी १४,५०० पडले असते असं धरू, तर पाच जणांची मर्यादा ७२,५०० होते. कोचीपासून मुन्नार-थेक्कडीचा घाट चढून अलेप्पीला उतरणं हा जवळचा मार्ग नव्हे, ते स्थलदर्शन झालं. त्या गाडीचे पैसे बहुतेक ठिकाणी नाकारले जातात, आणि मला ते बरोबर वाटतं.

म्हणजे हातात तीन आकडे आले. मालकाकडून मिळालेले ६०,०००. भाड्यापोटी खरोखर खर्च झालेले ६८,५००. नियमाने मान्य होणारी कमाल ७२,५००. तिन्हींपैकी जो सर्वांत लहान, तेवढ्यावरच सूट. इथे ६०,००० पूर्ण करमुक्त. तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर धरला तर वाचले १८,७२० रुपये. पावणेदोन लाखांवर खर्च करून साधारण एका तिकिटाहून थोडं जास्त परत आलं, एवढाच या सवलतीचा खरा आकार. सूट मिळते म्हणून सहल काढणाऱ्याने हा आकडा आधी बघावा.

आता त्याच कुटुंबाचा दुसरा प्रकार बघा. समजा आदल्या वर्षी सहल झाली नाही आणि कंपनीच्या धोरणानुसार तेव्हाचे ६०,००० न घेता ते पुढे साठवता आले. मग २०२४-२५ मध्ये मिळाले १,२०,०००. खर्च तेवढाच, ६८,५००. लहान आकडा आता खर्चाचा आहे, म्हणून सूट ६८,५०० वर थांबेल आणि उरलेले ५१,५०० साध्या पगारासारखे करपात्र होतील. त्यावर १६,०६८ रुपये कर. पैसे साठवून ठेवायला मुभा देणं ही कंपनीची मेहेरबानी, करखात्याचा त्याच्याशी संबंध नाही. खातं फक्त या वर्षी किती मिळाले आणि भाड्याला किती गेले एवढंच बघतं.

मर्यादा हा शब्दही लोक उलटा वाचतात. रेल्वेने जोडलेल्या ठिकाणी विमानाखेरीज कशानेही गेलात, तर मर्यादा वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या रेल्वेभाड्याची. हे ऐकून काही जण थ्री टायरने जातात आणि फर्स्ट एसीचं भाडं मागतात. तसं नाही. थ्री टायरने गेलात तर थ्री टायरचंच भाडं सुटेल, कारण झालेल्या खर्चाच्या वर सूट जाऊच शकत नाही. मर्यादा ही छताची उंची आहे, हक्काची रक्कम नाही. विमानाचंही तसंच. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला एकटीला बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, तर ते इकॉनॉमीच्या भाड्यापर्यंतच धरलं जाईल. वरचा फरक आपल्या खिशातून, कर भरून.

विमानाच्या नियमात एक गंमत आहे. तिथे मर्यादा ‘राष्ट्रीय विमान कंपनीच्या’ इकॉनॉमी भाड्याची घातलेली आहे. नियम झाला तेव्हा देशांतर्गत आकाशात सरकारी कंपनीचंच राज्य होतं. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, पण नियमातले शब्द जागच्या जागी राहिले. सरकारच्या मालकीची नसलेली कंपनी राष्ट्रीय कशी, यावर चांगला वाद रंगू शकेल. व्यवहारात पगार विभाग त्या वाटेला जात नाहीत. इकॉनॉमीचं खरं तिकीट दाखवलं की ते मान्य करून मोकळे होतात.

रेल्वे जिथे पोचत नाही तिथलं गणित आपल्याकडच्या लोकांना कोकणात भेटतं. मुंबईहून गणपतीपुळ्याला जायचं आहे. रत्नागिरीपर्यंत रेल्वे आहे, पुढे नाही. अशा ठिकाणासाठी नियम विचारतो, तिथे मान्यताप्राप्त सार्वजनिक वाहतूक आहे का? असेल तर त्या वाहतुकीच्या पहिल्या किंवा डिलक्स दर्जाच्या भाड्याची मर्यादा. आपल्याकडे एसटी आहे, म्हणजे तुम्ही मुंबईहून ऐसपैस गाडी भाड्याने घेऊन गेलात आणि जाऊन-येऊन पंधरा-अठरा हजारांचं बिल झालं, तरी मोजताना एसटीच्या वरच्या दर्जाच्या गाडीचं भाडं गुणिले माणसं एवढंच धरायचं. सार्वजनिक वाहतूकच नसेल अशा दुर्गम ठिकाणाला मात्र कायदा उदार होतो. तेवढं अंतर रेल्वेने कापलं असतं तर फर्स्ट एसीचं जे भाडं झालं असतं, ते चालतं. एसटी गावोगाव पोचलेल्या महाराष्ट्रात या शेवटच्या तरतुदीचा उपयोग क्वचितच व्हावा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांची पंचाईत वेगळीच. पेट्रोलपंपाच्या पावत्यांवरून कोण कुठे गेलं हे सिद्ध होत नाही, त्यामुळे बऱ्याच कंपन्या त्या घेतच नाहीत.

कोणाकोणाचं भाडं? नवरा किंवा बायको आणि मुलं, हे सरळ. जोडीदार कमावता असला तरी चालतो. आई-वडील, भाऊ आणि बहीण मात्र पूर्णपणे किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असतील तरच. आपल्या उदाहरणातल्या आईला दिवंगत नवऱ्याची तुटपुंजी निवृत्तिवेतनाची रक्कम मिळते, पण घरखर्च मुलगाच चालवतो, म्हणून ती बसते. सासू-सासरे कुठेच बसत नाहीत. सुनेने याच सहलीचा दावा आपल्या कंपनीत करायचा ठरवला, तर ज्या सासूबरोबर ती रोज एका घरात राहते तिचं तिकीट तिला लावता येणार नाही. एकत्र कुटुंबाची कल्पना या नियमाला फक्त रक्ताच्या बाजूनेच कळते, असं म्हणायला जागा आहे.

मुलांच्या बाबतीत १ ऑक्टोबर १९९८ ही तारीख आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांपैकी दोघांनाच सूट. अपवाद जुळ्यांचा, पण तोही क्रम बघून. पहिलं एक मूल आणि नंतर जुळी, तर तिघंही चालतात. आधी जुळी आणि नंतर एक, तर शेवटचं मूल बाहेर. शेंडेफळाने कोणाचं काय घोडं मारलं, ते नियम सांगत नाही.

आता वर्षांचा हिशेब, जिथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. सूट चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना मिळते. हे गट १९८६ पासून मोजले जातात. पहिला १९८६ ते १९८९, मग १९९० ते १९९३, असं करत २०१८ ते २०२१, २०२२ ते २०२५ आणि आता २०२६ ते २०२९. गट जानेवारी ते डिसेंबरच्या वर्षांवर चालतो आणि पगार, कर, फॉर्म १६ हे सगळं एप्रिल ते मार्चच्या वर्षावर. म्हणून फेब्रुवारी २०२५ मधला प्रवास २०२४-२५ च्या पगारात धरला जाईल, पण गटाच्या हिशेबात तो २०२५ चा. तुमची नोकरी कधी लागली याच्याशीही गटाचा संबंध नाही. २०२४ मध्ये नोकरीला लागलेल्या मुलासाठीही २०२२ चाच गट चालू होता, त्याचे चार वर्षांचे दिवस रुजू झाल्यापासून सुरू झाले नाहीत. मध्ये नोकरी बदलली तर आधीच्या ठिकाणी या गटात किती वेळा सूट घेतली हे नव्या ठिकाणी सांगायचं असतं. एचआर विचारत नाही म्हणून मोजणी शून्यापासून सुरू होत नाही.

दोन्ही प्रवास एकाच वर्षात केले तरी कायद्याची हरकत नाही. दोन वर्षांत एकदाच असं जे अनेकांच्या डोक्यात बसलंय ते केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या नियमांमुळे. तिथे चार वर्षांच्या गटाचे दोन-दोन वर्षांचे तुकडे आहेत, स्वग्रामाला जाण्याची आणि भारतात कुठेही जाण्याची सवलत वेगळी आहे, दर्जानुसार पात्रता ठरलेली आहे. तो सेवानियमांचा भाग, मालक किती देणार हे सांगणारा. दिलेल्यातलं करमुक्त किती, हे आयकराचा नियम वेगळं ठरवतो. कित्येक खासगी कंपन्यांनी सरकारी वळण जसंच्या तसं उचलल्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

गटात एकच प्रवास झाला किंवा एकही झाला नाही, तर एक प्रवास पुढच्या गटात नेता येतो. फक्त एक, आणि तो पुढच्या गटाच्या पहिल्याच कॅलेंडर वर्षात करायचा. २०२२ ते २०२५ मध्ये केरळचा एकच प्रवास झाला असेल, तर उरलेला एक ३१ डिसेंबर २०२६ च्या आत उरकता येतो. तो नव्या गटाच्या दोनांत मोजला जात नाही, म्हणजे २०२६ ते २०२९ मध्ये एकूण तीन होऊ शकतात. २०२६ मध्ये गेलाच नाहीत तर शिल्लक राहिलेला प्रवास बुडाला. चार वर्षं एकदाही न हिंडणाऱ्याचा एक प्रवास वाचतो आणि दुसरा तसाही बुडतो.

नवरा-बायको दोघांच्याही पगारात एलटीए असेल तर चार वर्षांत प्रत्येकाचे दोन असे चार प्रवास होतात. अट एकच, एकाच तिकिटाचा दावा दोघांनी करायचा नाही. केरळच्या साठ हजारांवर नवऱ्याने सूट घेतली, आता पुढच्या वर्षी राजस्थानला गेले तर तो दावा बायकोने आपल्या कंपनीत करावा. तेव्हा सासूबाईंचं तिकीट वगळून.

ज्याचा दावा आहे तो स्वतः रजेवर असायला हवा, हे वेगळं सांगायला नको, पण घरून काम करण्याच्या काळात सांगावं लागतं. लॅपटॉप घेऊन मुन्नारला जाऊन तिथून रोज लॉग इन केलंत तर हजेरीपत्रकावर रजा नाही, आणि रजा नाही तर रजेतला प्रवासही नाही. पुराव्यांची तपासणी करणारे पहिल्यांदा रजेच्या नोंदीच तिकिटाच्या तारखांशी ताडून बघतात.

प्रवास भारतातलाच हवा, हे मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरलं. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी रजेतल्या प्रवासासाठी भारतातलं एक ठिकाण जाहीर केलं आणि जाताना परदेश करून आले. निकालात एक मार्ग नमुन्यादाखल आला आहे : दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली. बँकेचं म्हणणं होतं की जाहीर ठिकाण मदुराई होतं, आम्ही पैसेही दिल्ली-मदुराईच्या जवळच्या मार्गाइतकेच दिले, परदेशाचा एक पैसाही नाही. वरवर पाहता मुद्दा चांगला आहे. पण ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने तो मानला नाही. सूट भारतातल्या एका ठिकाणाहून भारतातल्या दुसऱ्या ठिकाणी जवळच्या मार्गाने केलेल्या प्रवासाला आहे. सिंगापूरला वळसा घातलेला प्रवास या दोन्ही अटींत बसत नाही, त्यामुळे त्यातला देशी तुकडा कापून त्याला सूट देण्याचा प्रश्नच उरत नाही. कर कापला नाही म्हणून जबाबदारी बँकेवर आली, आणि इतर मालकांनीही त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. तुमच्या ट्रॅव्हल एजंटने अंदमानच्या तिकिटाला बँकॉक जोडून दिलं तर अंदमानचंही भाडं गेलं समजा.

पुरावा किती द्यायचा, याचंही असंच एक वळण आहे. २००९ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कर्मचाऱ्याने प्रवास केला याचा पुरावा गोळा करून ठेवण्याचं बंधन कायद्याने मालकावर घातलेलं नाही. त्या काळात अनेक ठिकाणी एका कागदावर सही केली की काम भागत असे. २०१५ च्या वित्त कायद्याने कलम १९२ मध्ये भर घालून पुरावा घेणं मालकाला बंधनकारक केलं आणि २०१६ मध्ये फॉर्म १२बीबी आला. त्यात दुसऱ्या क्रमांकावर रजा प्रवासाची ओळ आहे. रक्कम लिहायची आणि खर्चाचा पुरावा जोडायचा.

पुरावा कुठे फसतो हे पगार विभागात बसणाऱ्यांना पाठ असतं. ई-तिकीट काढायचं, छापून घ्यायचं, मग रद्द करून पैसे परत घ्यायचे, ही जुनी युक्ती. म्हणून विमानाच्या तिकिटासोबत बोर्डिंग पास मागतात. टॅक्सीच्या बिलावर गाडीचा नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही, तारीख रजेच्या आधीची आहे आणि चार कर्मचाऱ्यांची बिलं एकाच हस्ताक्षरातली, हेही नेहमीचं. पकडलं गेलं तर कर आणि व्याज भरून सुटका नाही. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली असं ठरलं तर कलम २७०अ खाली चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे. अठरा हजार सातशे वीस वाचवायला गेलेल्याला ३७,४४० रुपये दंड, शिवाय तो कर आणि व्याज.

या सवलतीच्या इतिहासात एकदाच असं झालं की प्रवास न करताही ती मिळाली. कोविडमुळे सगळे घरात होते आणि २०१८ ते २०२१ च्या गटातले प्रवास वाया जाणार होते. १२ ऑक्टोबर २०२० ला निर्मला सीतारामन यांनी कॅश व्हाउचर योजना जाहीर केली. मानल्या गेलेल्या भाड्याच्या तिप्पट रक्कम ३१ मार्च २०२१ पर्यंत बारा टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तू-सेवांवर, रोखीखेरीज अन्य मार्गाने खर्च करायची आणि माणशी ३६,००० पर्यंत सूट घ्यायची. चौघांच्या घराला पूर्ण सूट हवी तर ४,३२,००० चा खर्च. केरळऐवजी फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन आणि सोफा. योजना त्या मार्चबरोबर संपली, पण तिची आठवण काढून अजूनही कोणी टीव्हीचं बिल एचआरकडे पाठवतं.

पुण्याच्या गृहस्थाकडे परत येऊ, कारण त्याचं बिल अजून नामंजूर आहे. त्याने करायचं ते एवढंच. सहल कंपनीकडून भाड्याचा तपशील वेगळा लिहून घ्यायचा, पाचही प्रवाशांची नावं, तारखा आणि पीएनआर असलेली तिकिटं मागवायची आणि बोर्डिंग पास जोडायचे. सहल कंपन्या ठोक दराने तिकिटं घेतात, त्यामुळे माणशी भाडं लिहून द्यायला त्या सहलीनंतर का-कू करतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी मागितलं तर तोच कागद निमूटपणे येतो. एचआरची तारीख हुकलीच, तर मालक पूर्ण साठ हजारांवर कर कापेल. मग जुलैमध्ये विवरणपत्र भरताना करमुक्त भत्त्यांच्या रकान्यात कलम १०(५) निवडून सूट स्वतः मागावी लागेल आणि परतावा येईपर्यंत थांबावं लागेल. खात्याची विचारणा आली तर फॉर्म १६ मध्ये नसलेली ही रक्कम कुठून आली ते त्यालाच दाखवायचं आहे, म्हणून ती पाच तिकिटं आणि पाच बोर्डिंग पास परतावा आल्यावरही टाकून द्यायचे नाहीत.